काउंटरमागचे गांधीजी

व्हॉट्सअ‍ॅपवरच्या सुविचारांचं खातेवाटप आता पक्कं झालेलं आहे. बुद्धिमत्तेविषयी काही असेल तर केस पिंजारलेला आइन्स्टाइन. तरुणांना उठवून बसवायचं असेल तर हाताची घडी घातलेले विवेकानंद. शत्रूचा काटा काढायचा असेल तर चाणक्य. त्यांचा फोटो कुणीच काढून ठेवलेला नसल्यामुळे शेंडी सोडलेला कुठलाही रागीट माणूस चालतो. नवरा-बायको, पाऊस आणि समजूतदारपणा हे सगळं एकाच वाक्यात आलं की खाली वपु. आणि सेवा, साधेपणा, सत्य किंवा सरकारी कार्यालय यांपैकी काहीही असलं की गांधीजी.

यातली बरीचशी वाक्यं त्या त्या माणसाने कधी उच्चारलेली नसतात, हे आता सगळ्यांना साधारण माहीत आहे. पण ‘साधारण माहीत असणं’ आणि ‘हे वाक्य खोटं आहे हे दाखवता येणं’ यांत बरंच अंतर आहे. म्हणून आज एकच वाक्य घेऊ आणि शेवटपर्यंत त्याची पाठ धरू. ते मोबाइलवर आलं त्याच्या कितीतरी आधी भिंतीवर आलं होतं, आणि तुम्ही ते नक्की वाचलेलं आहे, कारण ते जिथे टांगलेलं असतं तिथे वाचत बसण्याशिवाय दुसरं काही करता येत नाही.

बँकेत पासबुक भरून घ्यायला गेलात की काउंटरच्या मागे, घड्याळाच्या खाली, एक तसबीर असते. तीत चष्मा लावलेले, बोळक्या तोंडाने हसणारे गांधीजी. शेजारी मजकूर: ग्राहक हा आपल्या जागेत येणारा सर्वात महत्त्वाचा पाहुणा आहे. तो आपल्यावर अवलंबून नाही, आपण त्याच्यावर अवलंबून आहोत. तो आपल्या कामातला व्यत्यय नाही, तोच आपल्या कामाचा हेतू आहे. त्याची सेवा करून आपण त्याच्यावर उपकार करत नाही, ती संधी देऊन तोच आपल्यावर उपकार करतो. खाली ‘महात्मा गांधी’. त्याच्याही खाली, हाताने लिहिलेल्या कागदावर, ‘प्रिंटर बंद आहे’.

हा मजकूर बँकांत आहे, टपाल कार्यालयांत आहे, तिकीट खिडकीवर आहे, आणि आता स्वच्छ फाँटात, सूर्योदयाच्या पार्श्वभूमीवर, ‘शुभ सकाळ’सह फोनमध्येही आहे. वाक्य वाईट नाही. उलट इतकं घोटीव आहे की पहिला संशय तिथेच यावा. ‘हा तो नाही, तो हा आहे’ अशी एकापाठोपाठ एक जोडवाक्यं. ही टाळीची लय आहे, भिंतीवर लावण्यासाठी बेतलेली. अर्थात लय हा पुरावा नव्हे. गांधीजीही एखाद्या दिवशी टाळीचं बोलले असतील. तेव्हा कानावर फार विसंबू नये, कानाने फक्त कुणकुण द्यावी.

खोट्या वाक्याचा सर्वात मोठा आधार म्हणजे त्याला पत्ता नसतो. कधी म्हणाले, कुठे म्हणाले, कुणाला म्हणाले, कुठल्या पुस्तकाच्या कुठल्या पानावर, यांपैकी काही नाही. नुसतं नाव. ज्याने प्रतिमा बनवली त्याला नावाखाली आणखी एक ओळ टाकायला जागा नव्हती असं नाही, कारण स्वतःच्या पेजचं नाव त्याने व्यवस्थित टाकलेलं असतं. जो माणूस ‘फॉलो करा’ लिहायला विसरत नाही आणि सन लिहायला विसरतो, त्याचा विसर निवडक आहे असं समजावं.

आपलं हे वाक्य मात्र बेसावध आहे. त्याच्या काही आवृत्त्यांत चक्क पत्ता दिलेला असतो: गांधीजींचं दक्षिण आफ्रिकेतलं भाषण, सन १८९०. कुणीतरी कधीतरी विचार केला असणार की नुसत्या नावापेक्षा साल टाकलं की वजन येतं. येतंच. साल बघितलं की आपण मान डोलावतो आणि पुढे जातो, कारण साल असणं म्हणजे कुणीतरी तपासलं असणं, असा आपला समज आहे. पण साल ही अशी गोष्ट आहे की जी घरबसल्या कुणालाही तपासता येते.

तर तपासू. गांधीजी १८८८ च्या सप्टेंबरमध्ये बॅरिस्टर होण्यासाठी मुंबईहून लंडनला निघाले आणि १८९१ च्या जूनमध्ये सनद घेऊन परत निघाले. दक्षिण आफ्रिकेत त्यांनी पहिलं पाऊल ठेवलं ते १८९३ च्या मे महिन्यात, दर्बानला. म्हणजे १८९० साली ते दक्षिण आफ्रिकेपासून एक अख्खा खंड दूर होते. वय एकवीसच्या आतबाहेर. महात्मा व्हायला वेळ होता, मिस्टर व्हायचं चाललं होतं.

इथे तसबिरीतला चेहराही जरा निरखून बघावा. हसणारे, पंचा नेसलेले, उतारवयातले गांधीजी, आणि वाक्य म्हणे १८९० चं. त्या काळातल्या गांधीजींचे फोटो उपलब्ध आहेत. टाय, कडक कॉलर, नीट भांग पाडलेले दाट केस. लंडनला पोहोचल्यावर त्यांनी एकोणीस शिलिंगांची उंच हॅट घेतली होती आणि बाँड स्ट्रीटवर दहा पौंडांचा संध्याकाळचा सूट शिवून घेतला होता, हे त्यांनी स्वतःच आत्मकथेत लिहून ठेवलं आहे. तो फोटो लावला तर ग्राहक विचारील की हे कोण, कर्ज विभागाचे नवे साहेब का. म्हणून साल तरुणपणाचं आणि तोंड म्हातारपणाचं. चेहऱ्याचं वय आणि वाक्याचं वय जुळत नसेल तर चेहरा पुरावा म्हणून आणलेला नाही, वशिला म्हणून आणलेला आहे.

बरं, लंडनमध्ये तरी ते भाषण झालं असेल का? झालं असतं तर बहार आली असती, कारण त्या वयातल्या गांधीजींची भाषणं हा एक स्वतंत्र विनोदी विषय आहे आणि त्याचं सगळं श्रेय त्यांचंच आहे. आत्मकथेत लाजाळूपणावर एक पूर्ण प्रकरण आहे. शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणीत ते होते, पण बैठकीत तोंड उघडत नसत. व्हेंटनरला एका सभेत चार शब्द बोलायची वेळ आली तेव्हा उत्स्फूर्त बोलणं जमणार नाही म्हणून लिहून नेलं. फूलस्कॅपचा जेमतेम एक कागद. उभे राहिले, आणि डोळ्यांपुढे अंधारी आली, हात थरथरू लागले. शेवटी तो कागद बरोबरच्या मित्राने वाचून दाखवला. लंडन सोडताना मित्रांना हॉटेलात जेवण दिलं, तिथे एक तयार विनोद सांगून सुरुवात करायचं ठरवलं होतं. पहिल्याच वाक्यापुढे स्मरणाने दगा दिला आणि ते आभार मानून खाली बसले. मुंबईला परत आल्यावर स्मॉल कॉजेस कोर्टात पहिली केस मिळाली, ममीबाईंची, फी तीस रुपये. उलटतपासणीला उभे राहिले तेव्हा डोकं गरगरू लागलं. एकही प्रश्न सुचेना. खाली बसले, फी परत केली आणि दुसरा वकील करा म्हणाले.

आता या मुलाने १८९० साली, न गेलेल्या देशात, न भरलेल्या सभेत, ग्राहकसेवेवर घोटीव जोडवाक्यांचं घणाघाती भाषण ठोकलं असं आपण मानायचं. (ममीबाईंचे तीस रुपये परत देणं हीच खरं तर गांधीजींच्या आयुष्यातली ग्राहकसेवेची पहिली नोंद म्हणायला हरकत नाही. पण ती तसबिरीत घालायला कुठली बँक तयार होईल? काम जमलं नाही म्हणून शुल्क परत!)

पत्ता खोटा निघाला म्हणून वाक्य खोटं ठरत नाही. साल चुकू शकतं. म्हणून दुसरी पायरी: नाव काढून टाकायचं आणि नुसतं वाक्य शोधायचं. लोक नेमकं उलटं करतात. ‘गांधी ग्राहक सुविचार’ असं शोधतात, आणि मग त्यांना तेच वाक्य गांधीजींच्या नावाने हजारदा सापडतं आणि खात्री पटते. ज्याने अफवा पसरवली त्यालाच साक्षीला बोलावण्यासारखं आहे हे. शोधायचं ते मूळ भाषेतला एखादा खास तुकडा, अवतरणचिन्हांत, आणि नाव वजा करून:

```
"not dependent on us" customer -Gandhi
```

वजाबाकीच्या चिन्हामुळे गांधीजींचा उल्लेख असलेली पानं गळतात आणि मग जे खाली उरतं ते बघण्यासारखं असतं. ‘on’ च्या जागी ‘upon’ घालूनही बघावं, कारण वाक्यं प्रवासात शब्द बदलतात. शोध पुस्तकांपुरता ठेवला आणि जुन्या सालांकडे सरकत गेलं की एक मोटार कंपनी लागते. अमेरिकेतली स्टुडबेकर. तिचे विक्री विभागाचे उपाध्यक्ष केनेथ इलियट यांच्या नावाने १९४१ साली ‘प्रिंटर्स इंक’ या जाहिरातधंद्याच्या नियतकालिकात हा मजकूर छापलेला आहे: ग्राहक आपल्यावर अवलंबून नाही, आपण त्याच्यावर, ग्राहक म्हणजे व्यत्यय नव्हे, हेतू. गांधीजींचं नाव नाही, आफ्रिका नाही, १८९० नाही. गाड्या खपवायच्या होत्या, त्यासाठी विक्रेत्यांना सांगितलेल्या चार गोष्टी. ‘कोट इन्व्हेस्टिगेटर’ म्हणून गार्सन ओटूल या टोपणनावाने एक गृहस्थ सुविचारांची अशी जन्मनोंद शोधतात, त्यांनी हा माग काढून ठेवलेला आहे. पुढे असाच मजकूर मेन राज्यातल्या एल. एल. बीन या कपडे-बुटांच्या दुकानाच्या भिंतीवर चढला. म्हणजे तिथेही तो तसबिरीतूनच फिरला. गांधीजी त्यात मागाहून आले.

इथे एक सावधगिरी. पुस्तकांच्या शोधात दिसणारं साल डोळे झाकून घेऊ नये. नियतकालिकाचे सगळे अंक कधीकधी पहिल्या अंकाच्या सालाखाली नोंदलेले असतात, त्यामुळे १९७० चं वाक्य १९१० चं म्हणून समोर येतं आणि शोधणारा आनंदाने नाचू लागतो. पानाचा फोटो उघडून, त्याच पानावर किंवा अंकाच्या मुखपृष्ठावर तारीख छापलेली दिसेपर्यंत नाचू नये. आणि १९४१ हासुद्धा सापडलेला जुना पुरावा आहे, वाक्याचा जन्मदाखला नव्हे. इलियटसाहेबांनीही कुणाचं तरी ऐकून लिहिलं असेल. विक्री विभागात काहीही अशक्य नाही.

तिसरी पायरी म्हणजे त्या माणसाचं खरं लेखन चाळणं. ती फक्त गांधीजींच्या बाबतीत इतकी सोपी आहे, आणि म्हणूनच त्यांच्या नावावर वाट्टेल ते खपवणाऱ्यांची कमाल वाटते. या माणसाचं जवळजवळ सगळं लेखन, पत्रं, भाषणं, मुलाखती, मौनाच्या दिवशी लिहिलेल्या चिठ्ठ्यासुद्धा, ‘कलेक्टेड वर्क्स’च्या शंभर खंडांत भारत सरकारने छापलेलं आहे, आणि ते सगळं संगणकावर बघता येतं. मात्र गांधीजी पुष्कळदा गुजरातीत लिहीत आणि खंडांत त्याचं इंग्रजी भाषांतर आहे, त्यामुळे हुबेहूब शब्द सापडले नाहीत तर लगेच निकाल देऊ नये. कल्पना शोधावी. ग्राहक, दुकानदार, गिऱ्हाईक, व्यापारी असं फिरत बसावं. असं फिरलं की तसबिरीतलं वाक्य सापडत नाही, पण गांधीजी ग्राहकाविषयी खरोखर काय म्हणत ते सापडतं, आणि ते बँकेच्या भिंतीवर लावण्यासारखं मुळीच नाही.

१९०९ साली लंडनहून दक्षिण आफ्रिकेला परतताना बोटीवर त्यांनी ‘हिंद स्वराज’ लिहिलं. त्यात इंग्रजांनी हिंदुस्थान घेतला कसा, या प्रश्नाला त्यांचं उत्तर असं आहे की त्यांनी घेतला नाही, आपण दिला. कंपनीचा माल विकत कुणी घेतला? आपणच. थोडक्यात, गांधीजींच्या हिशेबात देशाच्या पारतंत्र्याचा एक मोठा आरोपी म्हणजे तो सर्वात महत्त्वाचा पाहुणा, ग्राहक. पुढे ३१ जुलै १९२१ ला परळला एल्फिन्स्टन मिलच्या आवारात त्यांनी परदेशी कापडाची होळी पेटवली. ग्राहकाने विकत घेतलेला, पैसे मोजलेला माल, ग्राहकाच्याच हाताने आगीत. सेल्स विभागाच्या कुठल्याही उपाध्यक्षाला ते दृश्य पाहून घेरी आली असती. ज्या माणसाने उभा जन्म ग्राहकाला ‘घेऊ नकोस’ म्हणून सांगण्यात घालवला, त्याच्या तोंडी आपण विक्रेत्याचं गीत घातलं. निव्वळ ‘म्हणाले नाहीत’ एवढ्यावर हे थांबत नाही, जे म्हणाले ते झाकलं गेलं. खोट्या वाक्याचं हेच मला सर्वात लागतं. त्याच्यामागे एक खरा, आडमुठा, अडचणीचा माणूस असतो, आणि त्याच्या जागी एक गोड आजोबा बसवलेले असतात.

आमचे आप्पाकाका एका बँकेतून शाखाधिकारी म्हणून निवृत्त झाले. त्यांच्या केबिनबाहेर ही तसबीर वर्षानुवर्षं होती. मी त्यांना विचारलं, “आप्पाकाका, ही आली कुठून?”

“हेड ऑफिसातून.”

“हेड ऑफिसात कुठून आली?”

“अरे, हेड ऑफिसात कुठून येतं असं विचारायचं नसतं. परिपत्रकाबरोबर आली. सोबत दोन खिळे होते.”

मी त्यांना स्टुडबेकरची सगळी हकिगत सांगितली. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, “ठीक आहे. पण वाक्य चांगलं आहे ना? मग कोण म्हणालं याच्याशी काय करायचंय?”

हा प्रश्न खोट्या सुविचाराच्या प्रत्येक वादात येतो, आणि साधारण तिथेच वाद संपतो, कारण समोरचा चांगल्या वाक्याच्या विरोधात आहे असं दिसू लागतं. मी म्हटलं, “काहीच करायचं नाही. मग तुम्ही गांधीजींच्या जागी इलियटसाहेबांचा फोटो लावा. सूट, टाय, मागे गाडी. ‘केनेथ इलियट, विक्री उपाध्यक्ष.’ वाक्य तेच.”

आप्पाकाका थोडा वेळ विचारात पडले. “त्याला हार कोण घालणार?” ते म्हणाले. “आणि दोन ऑक्टोबरला काय करायचं?”

मग त्यांनीच पुढे सांगितलं, आणि ते मला कुठल्याही खंडात सापडलं नसतं. तसबीर ग्राहकांसाठी नव्हतीच. तिचं तोंड ग्राहकाकडे असे आणि कर्मचाऱ्यांची तिच्याकडे पाठ. सेवा करायला जे तिथे बसत त्यांना ती कधी दिसली नाही. रांगेतल्या माणसाला मात्र दिसे, आणि त्याला वाटे की आपल्या बाजूने साक्षात गांधीजी उभे आहेत. “भांडायला आलेला माणूस ती वाचायचा आणि जरा थंड व्हायचा,” आप्पाकाका म्हणाले. “इलियटकडे बघून कोण थंड होणार?”

म्हणजे चेहरा तिथे काम करत होता, वाक्य नुसतं सोबतीला होतं. ही कसोटी कुठल्याही प्रतिमेला लावून बघावी. चेहऱ्यावर अंगठा ठेवायचा आणि वाक्य पुन्हा वाचायचं. बिनचेहऱ्याचं तेच वाक्य तुम्ही चुलतभावाला पाठवलं असतं का? बरीच वाक्यं अंगठ्याखाली कोमेजतात. उरतं ते ‘कष्टाला पर्याय नाही’ छापाचं काहीतरी, जे आपल्याला शाळेच्या फळ्यावरही खपत नव्हतं.

उलटही होतं, आणि तिथे घाई करू नये. कधीकधी वाक्य खोटं असतं, पण त्याच्या पोटात एक खरं वाक्य असतं. ‘जगात जो बदल हवा तो तुम्ही स्वतः व्हा’ हे गांधीजींचं सर्वात गाजलेलं वाक्य. टी-शर्टवर आहे, कपावर आहे, पुढाऱ्यांच्या भाषणात आहे. या घडीव रूपात ते खंडांत नाही. पण शोधत गेलं की ‘इंडियन ओपिनियन’च्या १९१३ च्या ऑगस्टमधला एक मजकूर लागतो. आशय असा की आपण स्वतःला बदलू शकलो तर जगाची वृत्तीही बदलेल. घडीव वाक्याचा दूरचा पूर्वज म्हणता येईल असा. फक्त खऱ्या वाक्याला असतात तशी त्याला पुढेमागे वाक्यं आहेत, संदर्भ आहे, आणि तो संदर्भ म्हणजे आरोग्यावरच्या लेखमालेतलं सर्पदंशाचं प्रकरण. साप चावला तर काय करावं हे सांगता सांगता गांधीजी सापांच्या स्वभावाकडे वळले, आपल्यातलं क्रौर्यच आपल्याला बाहेर दिसतं या विचाराकडे गेले, आणि तिथून जगाकडे.

हे कळल्यावर मी त्याची रीतसर प्रतिमा तयार करून घरच्या ग्रुपवर टाकली. १९१३ च्या सुमाराचे, मिशा राखलेले गांधीजी, त्यांचं खरं म्हणणं मराठीत, खाली नियतकालिक, महिना, साल, प्रकरणाचं नाव, आणि शेजारी विषय कळावा म्हणून एक बऱ्यापैकी मोठा नाग. कुणीही पुढे पाठवली नाही. आत्याने तेवढं विचारलं, नागपंचमी कधी आहे यंदा?